बाटलीवरची भीती आणि ट्यूबमधला पारा

बीडच्या सुभाष रोडवरच्या एखाद्या मोठ्या जनरल स्टोअरमध्ये शॅम्पूच्या कपाटासमोर पाच मिनिटे उभे राहिले, तरी बाजार कसा बदलला आहे ते कळते. पूर्वी बाटलीवर आत काय आहे हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायचे: शिकेकाई, आवळा, बदाम. आता आत काय नाही, हे मोठ्या अक्षरांत असते. पॅराबेन नाही, सल्फेट नाही, सिलिकॉन नाही, मिनरल ऑइल नाही. या चार ‘नाहीं’ची किंमत साध्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पटही असते आणि कॉलेजात जाणारी मुलगी आईला पटवून तीच बाटली घरी आणते.

या चारही पदार्थांबद्दलच्या भीतीत थोडे तथ्य आहे. ते किती आहे, हे पुढे सांगतो. पण आधी एक गोष्ट, जी या बाटल्यांवर कुठेच लिहिलेली नसते. आपल्या देशातील सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. मात्र ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीम असेल, तर ही यादी नसली तरी चालते. आता आपल्या जिल्ह्यातला माणूस काय विकत घेतो ते आठवा. एक-दोन रुपयांची शॅम्पूची पुडी आणि १५-२० ग्रॅमची गोरेपणाची ट्यूब. म्हणजे यादी वाचून घाबरण्याची सोय मोठी बाटली घेणाऱ्याला आहे. ज्या वस्तूने माणसाची मूत्रपिंडे खरोखर बिघडली, ती बहुधा यादी नसलेल्या छोट्या डबीतून आली. तिच्याकडे शेवटी येऊ.

पॅराबेनपासून सुरुवात करू. ज्या वस्तूत पाणी आहे, तिच्यात जंतू आणि बुरशी वाढणारच. क्रीम, शॅम्पू, लोशन या सगळ्यांत पाणी असते, त्यामुळे ते टिकवणारे काहीतरी घालावे लागते. पॅराबेन हे काम गेली कित्येक दशके स्वस्तात करत आले आहे. मुलांना आपण देतो त्या अनेक औषधी सिरपांतही तेच असते. भीती सुरू झाली २००४ मध्ये. इंग्लंडमधील फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेन सापडल्याचे जाहीर केले. बातमी जगभर गेली. गाठीत पॅराबेन होते, पण निरोगी पेशीजालात ते किती असते हे त्या अभ्यासात तपासलेच नव्हते, हा भाग मात्र बातमीसोबत गेला नाही. पॅराबेनमुळे गाठ झाली असा दावा त्या संशोधकांनीही केला नव्हता.

मग चिंता अजिबात नाही का? थोडी आहे. पॅराबेन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे, पण हजारो पटींनी क्षीण काम करू शकतात. रेणूची साखळी लांब असेल तसा हा गुण वाढतो. म्हणून युरोपने २०१४ मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल अशा पाच पॅराबेनवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल यांचे कमाल प्रमाण ०.१४ टक्क्यांवर आणले आणि तीन वर्षांखालील बाळाच्या लंगोटाच्या जागी लावायच्या क्रीममधून हे दोन्ही हटवले. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मात्र आधीच्याच मर्यादेत राहू दिले. बाळाच्या क्रीमवर प्रोपिलपॅराबेन किंवा ब्युटिलपॅराबेन दिसले, तर दुसरे क्रीम घ्या. मिथाइलपॅराबेन दिसले तर झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

पॅराबेन काढले तरी त्या जागी दुसरे काहीतरी घालावेच लागते, आणि या गोष्टीचा खरा धडा तिथे आहे. अनेक कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातले. पुढच्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेत त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतील संपर्क-त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले आणि युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर बंदी घातली. त्याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘वर्षातील ॲलर्जी न करणारा पदार्थ’ म्हटले. लोक ज्याला पळवून लावत होते, तो त्वचेला सर्वांत कमी त्रास देणाऱ्यांपैकी निघाला.

आपल्याकडे याचे वेगळे रूप दिसते. प्रदर्शनात, बचत गटाच्या स्टॉलवर ‘एकही केमिकल नाही’ असे लिहिलेली कोरफडीची जेल मिळते. करणाऱ्या बायकांचे कष्ट खरे असतात, हेतूही चांगला असतो. पण कोरफडीचा गर म्हणजे बहुतांश पाणीच. काहीही न घालता एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात ठेवलेली ही डबी आठवड्यात जंतूंचे घर होते, आणि ती नेमकी लावली जाते पुरळ फुटलेल्या किंवा भाजलेल्या कातडीवर. रंग बदलला, पाणी सुटले, आंबूस वास आला किंवा झाकण उघडताना फस्स आवाज झाला, तर फेकून द्या. वास आला नाही म्हणजे जंतू नाहीत, असेही नाही. घरी काढलेला गर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. उलट, नुसत्या तेलाच्या बाटलीवर ‘पॅराबेनमुक्त’ लिहिलेले दिसले तर हसू यायला हवे. जिथे पाणीच नाही तिथे पॅराबेनची गरज नव्हतीच.

सल्फेटचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पाण्याशी जोडलेला आहे, म्हणून त्यावर जरा जास्त थांबतो. शॅम्पूला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचे सौम्य भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट हे दोन पदार्थ. यांनी कर्करोग होतो असे सांगणारा एक निनावी ई-मेल १९९० च्या दशकाच्या शेवटी जगभर फिरला होता. त्याचाच अवतार आज व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याला आधार नाही. खरी गोष्ट एवढीच की लॉरिल सल्फेट त्वचेला झोंबते. इतके, की त्वचारोग संशोधक मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल तेव्हा तेच वापरतात. पण त्या प्रयोगात द्रावणाची पट्टी कातडीवर तासन्‌तास बांधून ठेवतात. शॅम्पू दीड-दोन मिनिटांत धुतला जातो. ज्याला इसब आहे किंवा ज्याच्या टाळूची आग होते, त्याने सौम्य शॅम्पू घ्यावा, हे अगदी बरोबर. इतरांसाठी हा त्रास बहुतेक वेळा ‘केस कोरडे झाले’ एवढाच असतो.

लॉरेथ सल्फेट तयार करताना १,४-डायऑक्सेन नावाचा नको असलेला पदार्थ अंशमात्र राहू शकतो आणि तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हेही खरे. तो कारखान्यात काढून टाकता येतो. न्यूयॉर्क राज्याने त्यासाठी कायद्याने मर्यादा घातली आहे. आपल्याकडे भांडायचे असेल तर या मर्यादेसाठी भांडावे. हा पदार्थ घटकांच्या यादीत कधीच छापला जात नाही, कारण तो कोणी घातलेला नसतो.

आता पाणी. बेसॉल्ट खडकातून झिरपून आलेले आपले बोअरचे पाणी बऱ्याच गावांत जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. नळाच्या तोंडाशी, पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा. सल्फेटला घाबरून घरातली मंडळी पुन्हा साबणाच्या वडीकडे वळली तर काय होते, याचा हिशोब करून पाहू. समजा, पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य मानले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. म्हणजे ३०० हा काही टोकाचा आकडा नाही. १५ लिटरच्या बादलीत असे साडेचार ग्रॅम क्षार आले. साबण आधी या क्षारांशी जुळतो, त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो, आणि क्षार संपल्यावरच फेस येऊ लागतो. या बादलीतले सगळे क्षार संपवायला सुमारे २७ ग्रॅम साबण लागेल. शंभर ग्रॅमच्या वडीचा पाव भाग, तोही फेसाचा पहिला बुडबुडा यायच्या आधी. हा साका केसांवर बसतो. केस राठ, चिकट होतात, कंगव्याला पांढरट मळ लागतो आणि बाई म्हणते, ‘बोअरच्या पाण्याने केस गेले.’

सल्फेटवर आधारलेला शॅम्पू असा साका करत नाही. जड पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा तो केसांसाठी बरा. शिकेकाई-रिठ्याचेही तसेच आहे. त्यांतील सॅपोनिन साबणासारखा साका धरत नाहीत, म्हणून आजीची शिकेकाई बोअरच्या पाण्यातही चालायची. फक्त रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नये.

पण सल्फेटलाही जड पाण्यात एक दोष आहे. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जड पाण्याने धुतल्यावर लॉरिल सल्फेट कातडीवर जास्त प्रमाणात मागे राहते, आणि इसब असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो. उपाय म्हणजे भरपूर पाण्याने धुणे. आणि भरपूर पाणी हीच उन्हाळ्यातल्या बीडमध्ये नसलेली गोष्ट आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात केस दोनदा खळखळून धुवा, हा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शॅम्पूच कमी घ्यावा. अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात आधी विरघळवून मग डोक्यावर ओतली, तर पसरतेही नीट आणि धुवायला पाणीही कमी लागते. घरात फिल्टरचे पाणी असेल तर शेवटचा तांब्या त्याचा घ्यावा. साबणच वापरला असेल तर शेवटच्या तांब्यात थोडे लिंबू पिळावे. साका आम्लाने सुटतो.

आणि सल्फेटमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीची मागची बाजू जरूर वाचा. बऱ्याचदा तिथे ‘ओलेफिन सल्फोनेट’ सापडते. नावात सल्फेट नाही, हे खरे. मळ आणि तेल ओढून काढण्यात मात्र ते सल्फेटच्या फार मागे नाही. जाहिरात खोटी नाही, पण तुम्ही ज्यासाठी जास्त पैसे दिले ते तुम्हाला मिळालेले नाही.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. केस गुळगुळीत वाटावेत म्हणून ते घालतात. कातडीत ते शिरत नाही. भाजल्याचे व्रण बसवायला डॉक्टर सिलिकॉनचीच जेल देतात. ते ‘केसांचा श्वास कोंडते’ असे सांगतात, पण केस ही मृत वस्तू आहे, तिला श्वास नसतो. डी-४ आणि डी-५ या उडून जाणाऱ्या सिलिकॉनवर युरोपने धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांत २०२० पासून कडक मर्यादा घातली, ती पाण्यात आणि मातीत ते वर्षानुवर्षे टिकतात म्हणून. ती पर्यावरणाची चिंता आहे आणि रास्त आहे.

मिनरल ऑइल, म्हणजे लेबलवरचे ‘लिक्विड पॅराफिन’, हे खनिज तेलापासून काढतात. पेट्रोल जिथून येते तिथूनच येते, हे ऐकून लोक दचकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलाला नक्की कर्करोगकारक म्हटले आहे. ते गॅरेजमधले, यंत्रावरचे काळे तेल. अत्यंत शुद्ध केलेले तेल त्या गटात नाही. औषधाच्या दर्जाचे पॅराफिन आणि पेट्रोलियम जेली ही याच शुद्ध गटातली.

ऊसतोडीवरून परतलेल्या बाईच्या टाचा आणि तळहात पाहा. पाचटाने कापलेली, गारठ्याने फाटलेली कातडी. अशा भेगांतून पाणी उडून जाणे थांबवायला पेट्रोलियम जेलीइतके स्वस्त आणि भरवशाचे काही नाही. रात्री पाय धुऊन, ओलसर असतानाच चोळून, वर जुना मोजा घालायचा. एकच काळजी घ्यायची: पॅराफिन मुरलेले कापड भराभर पेटते. ब्रिटनच्या औषध नियामकांनी याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. कोपीत चुलीजवळ झोपणाऱ्यांनी तो मोजा, ते फडके चुलीपासून लांब ठेवावे आणि वरचेवर गरम पाण्याने धुवावे. मात्र धुतल्यानेही ते पूर्ण निघत नाही.

मिनरल ऑइलचा खरा धोका मी दुसरीकडे पाहतो. बाळाला न्हाऊ घालताना नाकात, टाळ्याला तेलाचे थेंब सोडायची पद्धत अजून गावोगाव आहे. पॅराफिन तेल घशात गेले तर खोकला नीट येत नाही. ते सरळ फुप्फुसात उतरते आणि तिथून निघत नाही. त्याने होणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिजैविके चालत नाहीत. कुठलेही तेल बाळाच्या नाकात नको, हे तर नको अजिबातच. दुसरी गोष्ट फसवणुकीची. बाटलीवर बदामाचे मोठे चित्र, आणि मागच्या यादीत पहिलेच नाव मिनरल ऑइल. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे त्या बाटलीत सर्वांत जास्त तेच आहे. ते विषारी नाही, पण बदामाच्या भावाने घेण्यासारखेही नाही.

आता त्या छोट्या डबीकडे. अकोल्यातील एका घरातील आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे एकापाठोपाठ बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली. तिघींच्या मूत्रपिंडांतील गाळणीला सूज होती. एकाच घरात तिघींना हे व्हावे याचे कारण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर शोधत होते. तिघींत समान निघाले ते ओळखीच्या ब्युटिशियनकडून आणलेले गोरेपणाचे क्रीम. ते तपासले तेव्हा पारा कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट सापडला. ही मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग. त्याच सुमारास केरळमधील कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२१ ते २०२३ दरम्यान एका ठरावीक मूत्रपिंड-विकाराचे २२ रुग्ण त्यांनी पाहिले. त्यांतील १५ जणांत विकाराचा एक दुर्मीळ प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला.

पारा कातडीत रंग तयार करणारे काम अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरेच उजळतो. त्या वेगामुळेच ही क्रीमे तोंडोतोंडी विकली जातात. पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आई क्रीम लावते आणि बाळ तिच्या गालाला गाल लावते, तेव्हा त्यालाही तो मिळतो. अशा डबीवर ‘पॅराबेनमुक्त’ लिहिलेले असेल तर ते खरेही असू शकते.

ओळखायचे कसे? कायदेशीर वस्तूवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक असतो. परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक असतो. तो नसेल तर घेऊच नये, मग पार्लरवाली कितीही ओळखीची असो. ‘सोने, चांदी किंवा अॅल्युमिनियमला लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर जवळजवळ खात्रीने पारा समजावा, कारण पारा या धातूंशी जुळतो. यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही असेल, क्रीम करडे असेल किंवा उजेडात ठेवल्यावर काळवंडत असेल, तरीही.

याच दुकानांत दुसरी वस्तू मिळते, ती म्हणजे बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली ट्यूब. हे स्टेरॉइड आहे, औषध आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी गजकर्णावर आणि चेहऱ्यावर लावायला ती मेडिकलमध्ये मागून मिळते. गजकर्णाची खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. चेहऱ्याची कातडी पातळ, लाल होते आणि ट्यूब सोडली की भडकते. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात जाताना ट्यूब सोबत न्या.

बिननावाचे गोरेपणाचे क्रीम मात्र आजच बंद करा. सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज दिसत असेल, लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या. पट्टी बुडवून ती काही मिनिटांत होते. डॉक्टरांना क्रीम लावत होतो हे आपणहून सांगा, कारण विचारायचे त्यांच्याही लक्षात येत नाही. आणि डबी फेकू नका. झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आत काय होते हे प्रयोगशाळेत कळायला आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यायला तीच लागते.